न वापरता ठेवलेल्या फॉ लेदर जॅकेटचे पोपडे का निघतात?

उभी_घडी
प्रश्न जरा तपशिलात लिहिते, म्हणजे उत्तर नेमके मिळेल. काळे फॉ लेदरचे जॅकेट आहे, आतल्या लेबलवर पॉलीयुरेथेन असे छापले आहे. आत सुती अस्तर आहे. दोनदाच घातले, मग पाच वर्षे प्लास्टिकच्या कव्हरमध्ये बंद करून कपाटात टांगून ठेवले. आता बाहेर काढले तर खांद्यावर हँगरच्या रेषेत आणि कोपराच्या घडीत पोपडे निघाले आहेत. हात लावला की काळे तुकडे गळतात. घड्यांच्या आत पांढरट भुकटीही दिसते.

त्याच सुमारास घेतलेली रेक्झीनची बॅग रोज वापरात आहे. ती कडक झाली आहे आणि पट्टा चिकट लागतो, पण पोपडा एकही नाही. वापरलेली वस्तू टिकली आणि जपून ठेवलेली गेली, हे कसे?

मऊसूत
वापर नसला की असे मटेरियल सुकते. लेदरला जसे कंडिशनर लागते तसे यालाही अधूनमधून क्रीम किंवा थोडे तेल लावायला हवे होते. बॅगेला हाताचे तेल मिळत राहिले म्हणून ती वाचली. अजून जे भाग धड आहेत त्यांना पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या.

थरावर_थर
@मऊसूत, थांबा, जेली लावायला सांगू नका. सुकणे हा प्रकार या धाग्यातल्या एका वस्तूला थोडाफार लागू आहे, पण ती वस्तू जॅकेट नाही, बॅग आहे. दोन्ही वस्तू लेदरसारख्या दिसतात, पण त्यांचे मरण वेगवेगळे आहे.

आधी जॅकेट. त्याचा उभा छेद घेतला तर सगळ्यात खाली विणलेले कापड, त्यावर चिकटवणारा थर, आणि वर पॉलीयुरेथेनची पातळ कातडी असते. ही कातडी आधी नक्षीच्या कागदावर ओततात, वाळवतात, तिच्यावर चिकटथर पसरून कापड दाबतात आणि शेवटी कागद सोलून काढतात. सुरकुत्यांचा तो लेदरसारखा पोत त्या कागदाचा असतो. वरची कातडी साधारण ३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तीन शतांशाएवढी. तुमच्या हातात गळतात ते तुकडे म्हणजे ही कातडी.

पॉलीयुरेथेनच्या साखळीत कडक आणि लवचिक असे तुकडे आलटून पालटून असतात. लवचिक तुकडे बऱ्याचदा पॉलिएस्टर जातीचे असतात, कारण ते स्वस्त पडतात आणि ताकदही चांगली देतात. त्यांच्यात ठरावीक अंतरावर एस्टर नावाचा बंध येतो आणि पाणी नेमका तोच बंध तोडते. तुटलेल्या जागी एका टोकाला आम्ल तयार होते. ते आम्ल पुढचे बंध तोडायला मदत करते. म्हणजे सुरुवात संथ आणि मग वेग वाढतच जातो. म्हणून चार वर्षे काहीच दिसत नाही आणि पाचव्या वर्षी सगळे एकदम येते.

त्यामुळे तुमचे जॅकेट सुकून मेलेले नाही, ओलाव्याने मेले आहे. हवेतली वाफ पुरते, त्यासाठी भिजावे लागत नाही. वापर हा मुद्दाच नाही. घड्याळ कारखान्यात कातडी ओतली त्या दिवशी सुरू झाले. तुम्ही विकत घेतले तेव्हा ते गोदामात किती महिने होते, तेही त्यात धरायला हवे.

बॅग पीव्हीसीची असावी. पीव्हीसीच्या मुख्य साखळीत पाण्याने तुटेल असा बंधच नाही, म्हणून दमट हवा तिला पोपडे आणत नाही. पण पीव्हीसी मुळात कडक असते, तिला मऊ ठेवायला आत तेलकट द्रव मिसळलेला असतो. तो द्रव हळूहळू पृष्ठभागावर येतो. तुमच्या पट्ट्याचा चिकटपणा तोच. तो निघून जाईल तशी बॅग आणखी कडक होईल आणि मग घडीच्या रेषेत चिरेल. ती चीर खोल जाते, पातळ पोपडा सुटत नाही.

मऊसूत
बॅगेबद्दल मी बरोबर होतो तर. मग बॅगेला तरी तेल चालेल ना?

थरावर_थर
तुमचे निदान निम्मे बरोबर, उपाय नाही. आतून गेलेला द्रव वरून तेल चोळून परत बसत नाही. तेल पृष्ठभागावर राहते, धूळ धरते. पॉलीयुरेथेनवर, म्हणजे पीयूवर, तर ते सरळ नुकसान करते: तेलातली आम्ले कातडीत शिरतात आणि ती फुगून मऊ पडते. कॉलर, बाह्यांची टोके आणि बॅगेची मूठ आधी खराब होतात त्याचे हेच कारण आहे, तिथे घाम आणि त्वचेचे तेल रोज लागते. हाताचे तेल बॅगेला पोसत नव्हते.

आणखी एक. ही बॅग त्या जॅकेटला किंवा दुसऱ्या पीयूच्या वस्तूला टेकवून ठेवू नका. पीव्हीसीतून सुटलेला द्रव शेजारच्या पीयूमध्ये उतरतो.

उभी_घडी
पण जॅकेट बंद कव्हरमध्ये होते. बाहेरची दमट हवा आत गेलीच कशी? आणि तेवढ्याशा वाफेने अख्खे जॅकेट खराब होईल इतके पाणी आत होते का?

थरावर_थर
हा हिशोब करून बघण्यासारखा आहे. ढोबळ आकडे घेते.

३० मायक्रॉन जाडीच्या एक चौरस मीटर कातडीचे वजन ३६ ग्रॅमच्या आसपास भरते. त्यातला सुमारे ६० टक्के भाग लवचिक पॉलिएस्टरचा धरला तर २२ ग्रॅम. या लवचिक तुकड्यांचे रेणूभार साधारण २००० असतो आणि अशा एका तुकड्यात एस्टरचे वीसेक बंध असतात. प्रत्येक तुकडा फक्त एकदा, कुठेतरी मधे तोडायचा तर तुकड्यामागे पाण्याचा एक रेणू लागतो. गुणाकार केला की एका चौरस मीटरला ०.२ ग्रॅम पाणी येते. जॅकेटला दोन चौरस मीटर कातडी धरा, म्हणजे ०.४ ग्रॅम. ड्रॉपरचे आठ थेंब.

प्रत्येक लवचिक तुकडा एकदा तुटला तरी ताण घेणारी साखळी उरत नाही. कातडी दिसायला तशीच, पण घडी पडली की चिरते.

आता अस्तर. सुती कापड मध्यम दमट हवेत आपल्या वजनाच्या ७-८ टक्के पाणी धरून असते आणि हाताला ते कोरडेच लागते. ३०० ग्रॅमचे अस्तर असेल तर २०-२४ ग्रॅम पाणी. आठ थेंबांच्या पन्नासपट साठा कव्हरच्या आतच होता. शिवाय साध्या पॉलिथिनमधून वाफ सावकाश आतबाहेर करतेच. कव्हरने धूळ अडवली, ओलावा आत कोंडून ठेवला.

लघुकोन
एक शंका. जॅकेटचे खालचे कापडही पॉलिएस्टरचेच असते ना? त्यातही एस्टरच आहे. मग ते का तुटत नाही? माझ्याकडच्या अशा एका खुर्चीची कातडी पूर्ण गेली आहे, पण कापड अजून फाडता येत नाही इतके मजबूत आहे.

थरावर_थर
छान प्रश्न. बंध तोच, पण कापडाच्या धाग्यात साखळ्या घट्ट रचून बसलेल्या असतात आणि बंधाच्या शेजारी बेंझिनचे कडक वलय असते. पाण्याला आत शिरायला जागा नाही. धागा आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी घेत नाही. कातडीतला लवचिक भाग मुद्दाम सैल ठेवलेला असतो, कारण तो सैल असतो म्हणूनच जॅकेट वाकते. जी गोष्ट मऊपणा देते तीच पाण्याला वाट देते.

सात_बारा_टाके
मला हे नीट समजले नाही. माझा सोफा लेदरचा आहे, विकणाऱ्याने अस्सल लेदर असे लिहून दिले होते. त्याचेही तीन वर्षांत पोपडे निघाले. म्हणजे अस्सल लेदरलाही हे होते?

लघुकोन
अस्सल चामड्याचा रंग उडतो, ते कोरडे पडून तडकते, पण कापडापासून अशी साय सुटत नाही. सोफ्याच्या खालच्या बाजूला कापलेली कड शोधा आणि भिंगातून बघा. मागे विणलेले कापड दिसले तर सरळ फॉ लेदर. मागे आखूड, भुसभुशीत तंतू दिसले आणि नखाने खरवडल्यावर भुकटी झाली तर चामड्याचा चुरा चिकटवून केलेला माल. आणि एकसंध लांब तंतू असूनही वरची साय सुटत असेल, तर चामड्याच्या खालच्या पापुद्र्यावर पीयूची फिल्म बसवलेली आहे. शेवटच्या दोन्ही प्रकारांत चामडे आहे हे खरे, पण तुम्ही बसता ती वरची फिल्म पीयूची, म्हणून तिची गतही याच धाग्यातली.

दुहेरी_शिवण
मी बॅगा शिवतो, पीयूचे रोल घेतो. आमच्याकडे पुरवठादार जंगल टेस्टचे आठवडे सांगतात. ७० अंश सेल्सियस आणि ९५ टक्के आर्द्रतेच्या पेटीत नमुना ठेवायचा, दर आठवड्याला काढून घासायचा, वाकवायचा, चिकटपट्टी लावून ओढायचा. किती आठवडे तग धरला ते लिहितात. धंद्यात सर्रास धरतात की एक आठवडा म्हणजे घरातले एक वर्ष. तीन आठवड्यांचा माल घेतला की तीन वर्षे, दहाचा घेतला की दहा. धाग्यातल्या जॅकेटचा माल पाच आठवड्यांचा असणार, सरळ हिशोब आहे.

थरावर_थर
चाचणी चांगली आहे आणि तुम्ही आठवडे विचारून माल घेता हे फार योग्य. पण ते वर्षांत बदलणे मला मान्य नाही. दहा अंश तापमान वाढले की वेग साधारण दुप्पट, असा ठोकताळा त्यामागे असतो. उलट दिशेने बघा: २० अंशांच्या खोलीत आणि ३० अंशांच्या खोलीत तोच माल ठेवला तर आयुष्यात दुपटीचा फरक. आर्द्रतेचा फरक वेगळाच. मग एक आठवडा म्हणजे कुठल्या खोलीतले एक वर्ष? शिवाय त्या पेटीत ऊन नाही, घाम नाही. आठवड्यांचा आकडा दोन मालांची तुलना करायला वापरावा.

दुहेरी_शिवण
गिऱ्हाइकाला वर्षेच सांगावी लागतात, तुलना सांगून भागत नाही. आणि माझ्या विकलेल्या मालात तो हिशोब फारसा चुकलेला नाही. असो. त्यापेक्षा सांगण्यासारखे हे: पुरवठादाराला नुसते पीयू आहे का विचारू नका, पॉलिएस्टर, पॉलीइथर की पॉलीकार्बोनेट ते विचारा. पॉलीकार्बोनेट महाग, पण पाण्याला आणि उन्हाला दोन्हींना टिकते. पॉलीइथरला पाण्याचे भय नाही, पण ऊन आणि उष्णता सोसत नाही. तयार जॅकेटच्या लेबलवर यातले काहीच नसते.

थरावर_थर
यात एक भर घाला: कातडी कशाची हे विचारले की चिकटथर कशाचा तेही विचारा. वर पॉलीकार्बोनेट आणि खाली स्वस्त पॉलिएस्टरचा चिकटथर असा माल येतो. तिथे कातडी शाबूत राहते आणि मोठमोठे पापुद्रे कापडापासून सुटतात. चाचणी जोडलेल्या मालावर झाली आहे की नुसत्या फिल्मवर, हे कागदावर बघून घ्या.

@उभी_घडी, तुमच्याकडे कोणता थर गेला ते घरी कळेल. गळलेला एक मोठा तुकडा उचला आणि त्याची मागची बाजू आणि कापडावरची मोकळी जागा दोन्ही बघा. तुकडा दुमडला तर वाकतो, आणि कापड स्वच्छ दिसते, म्हणजे चिकटथर गेला. तुकडा दुमडताच कुरकुरीत मोडतो आणि कापडावर काळा लेप उरलेला आहे, म्हणजे कातडी स्वतःच गेली. मग जिथे अजून काही दिसत नाही अशा जागी, म्हणजे खिशाच्या झडपेखाली, पारदर्शक चिकटपट्टी बोटाने दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. तिथली कातडी निघून आली तर नुकसान सर्वदूर आहे, फक्त घडीत नाही.

उभी_घडी
करून सांगते. पांढऱ्या भुकटीचे काय? मी बुरशी समजून पुसली, चार दिवसांनी परत आली.

लघुकोन
बुरशीच असेल, पाच वर्षे बंद होते.

थरावर_थर
असू शकते, पण दुसरी शक्यता जास्त वाटते. लवचिक भाग बनवताना बऱ्याचदा अॅडिपिक आम्ल वापरतात आणि बंध तुटले की ते मोकळे होऊन पृष्ठभागावर पांढरे फुलते. बुरशी ठिपक्यांनी वाढते, भिंगातून लोकरीसारखी दिसते आणि कुबट वास येतो. आम्लाची भुकटी सारखी पसरलेली, बारीक स्फटिकांची, ओल्या फडक्याने लगेच पुसली जाणारी आणि पुन्हा येणारी. परत येण्याचे कारण म्हणजे आत तुटणे चालूच आहे. अस्तरावर आणि शिवणीच्या दोऱ्यावरही तेच दिसत असेल तर मात्र बुरशीचा विचार करा.

सात_बारा_टाके
पुसताना पाणी लागते त्याने आणखी नुकसान नाही होत?

थरावर_थर
पाच मिनिटे ओले फडके आणि मग सावलीत वाळवणे, याने फरक पडत नाही. महिनोन्महिने दमट राहण्याने पडतो. उलट घाम आणि तेल कॉलरवर तसेच राहू देणे जास्त वाईट. एक लिटर पाण्यात अर्धा चमचा सौम्य, सोडा नसलेला द्रव साबण, त्यात फडके पिळून पुसायचे, मग साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढायचा. अल्कलीचे कडक साबण एस्टर तोडतात. सॅनिटायझर आणि परफ्यूमचा अल्कोहोल कातडी फुगवतो. डास पळवणाऱ्या फवाऱ्यात डीईईटी असेल तर तो पीयू आणि पीव्हीसी दोन्ही विरघळवू लागतो, असा फवारा मारलेल्या हातांनी बॅगेची मूठ धरू नये. ड्रायक्लीनच्या द्रावकाने पीव्हीसीतला मऊ ठेवणारा द्रव धुऊन जातो आणि वस्तू पुठ्ठ्यासारखी परत येते.

मऊसूत
आणि दुरुस्ती? बाजारात रंग आणि फिलर मिळतात, व्हिडिओत तर जॅकेट नव्यासारखे होते.

दुहेरी_शिवण
जिथे चिकटथर गेला आणि कातडी वाकते, तिथे नाण्याएवढ्या जागेला जमते. जागा पुसा, एक दिवस वाळू द्या. पाण्यावर आधारित लवचिक पीयू गोंद काडीने पापुद्र्याखाली पातळ पसरा, वर बेकिंगचा कागद ठेवून पुस्तकांचे वजन द्या, रात्रभर. गोंद जाड लागला तर वाळल्यावर कडक गाठ होते आणि तिच्या कडेने नवी भेग पडते. कातडीच मोडत असेल तर फिलर ज्यावर बसवायचा तोच पाया कुजका, तो पहिल्या आठवड्यात फिलरसकट सुटतो. व्हिडिओ संपतो तिथेच जॅकेट घालणे सुरू होते.

पूर्ण सोलून कापड रंगवून वापरणारे लोक आहेत, तेही बरे दिसते. फक्त सोललेले तुकडे मशीनमध्ये धुऊन काढू नका, ते सांडपाण्यात जातात. कोरडेच घासा आणि कचऱ्यात टाका.

उभी_घडी
निकाल सांगते. खांद्यावरचा तुकडा दुमडताच मोडला, कापडावर काळा लेप तसाच आहे. खिशाच्या झडपेखाली चिकटपट्टी ओढली तर पट्टीला काळी कातडी पूर्ण चिकटून आली, तिथे कधी हातही लागला नसेल. पांढरे फक्त कातडीवर आहे, अस्तरावर नाही.

बॅगेच्या आतल्या बाजूने एक चिमूट कापून तांब्याच्या तारेची परीक्षाही केली. घराबाहेर, तार लाल होईपर्यंत तापवली, तुकड्याला टेकवली, परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली.

थरावर_थर
हिरवी ज्योत क्लोरिनची, बॅग पीव्हीसीच म्हणायची. त्या धुरापासून लांब राहा आणि ही परीक्षा पुन्हापुन्हा करू नका. जॅकेटचे निदान तुमच्याच पट्टीने केले: न वाकलेल्या, न घासलेल्या जागीही कातडी गेली आहे. घडीत आधी दिसले इतकेच, कारण तिथे ताण होता. यावर गोंद किंवा फिलरचा खर्च करू नका.

उभी_घडी
दुसरे एक जॅकेट आहे, दोन वर्षांचे, पट्टीला काही चिकटले नाही. ते कसे ठेवू? सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर पुरतील का?

थरावर_थर
बुटांच्या खोक्यात येते ती ५ ग्रॅमची पुडी एक ग्रॅमभर पाणी घेते. सुती अस्तराला साध्या दमटपणावरून ४० टक्के आर्द्रतेपर्यंत उतरवायचे तर नऊ-दहा ग्रॅम पाणी काढावे लागते. म्हणजे किमान ५० ग्रॅम जेल, कव्हरमधून येणारी वाफ धरता १०० ग्रॅम. जॅकेट आधी कोरड्या दिवशी सावलीत वाऱ्यावर ठेवा, मग जाड, नीट बंद होणाऱ्या पिशवीत, रुंद हँगरवर, घडी न घालता. रंग बदलणारे जेल घ्या. नारिंगीचे हिरवे झाले की ११० अंशांवर दोन तास तापवून परत टाका. जागा घरातली सगळ्यात थंड असू दे.

लघुकोन
इथे मी सहमत नाही. जेल बदलायचे कोणी विसरले की तीच बंद पिशवी पुन्हा ओलावा कोंडणारी होणार, पहिल्या जॅकेटचे झाले तसेच. त्यापेक्षा सुती कव्हर घालून हवेशीर जागी टांगलेले बरे, निदान कोरड्या महिन्यांत ते आपोआप वाळेल.

थरावर_थर
जेल बघत राहणार नसाल तर लघुकोन म्हणतात तेच करा. बाहेरची हवा वर्षभर दमट असेल तर मात्र सुती कव्हर काहीच अडवणार नाही, तिथे मी पिशवीच निवडेन.

दुहेरी_शिवण
माझे रोल मी उघडेच ठेवतो, पंख्याखाली. पण ते सहा महिन्यांत संपतात, त्यामुळे माझ्या अनुभवावरून पाच वर्षांचे काही सांगता येणार नाही.

उभी_घडी
जेलचा रंग बघायची आठवण दर महिन्याच्या एक तारखेला लावली आहे. पिशवीच घेते. बॅग वेगळ्या खणात हलवली.